ऑक्टोबर १९६२: क्युबातली क्षेपणास्त्रं, तेरा दिवस आणि एक गुप्त सौदा

क्युबाच्या पेचप्रसंगाची आपल्याकडे सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी आहे: सोव्हिएत युनियनने क्युबात अण्वस्त्रं आणली, केनेडींनी दम भरला, ख्रुश्चेव्ह घाबरले आणि बोटी परत फिरल्या. कागदपत्रं खुली झाल्यावर आणि त्या वेळचे लोक पुढे बोलायला लागल्यावर या गोष्टीतला बराच भाग चुकीचा निघाला. मला या प्रकरणात दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. तोडगा निघाला तो देवाणघेवाणीतून, आणि ती देवाणघेवाण मुद्दाम लपवली गेली. शिवाय सर्वांत मोठे धोके वॉशिंग्टनच्या किंवा मॉस्कोच्या बैठकीत नव्हतेच. दोन्ही नेत्यांना ज्यांची खबरही नव्हती, अशा ठिकाणी ते होते.

पार्श्वभूमी

एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबन निर्वासितांना शस्त्रं देऊन बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरवलं. तीन दिवसांत ती मोहीम फसली. त्यानंतरही क्युबाचे नेते कॅस्ट्रो यांना उलथवण्याचे गुप्त प्रयत्न थांबले नाहीत, त्यामुळे अमेरिका पुन्हा हल्ला करणार ही हवानातली भीती पोकळ नव्हती.

दुसरीकडे, अमेरिकेने तुर्कस्तानात आणि इटलीत ज्युपिटर क्षेपणास्त्रं बसवली होती. तुर्कस्तानात ती १५ होती आणि सोव्हिएत शहरं त्यांच्या टप्प्यात होती. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांत सोव्हिएत युनियन अमेरिकेच्या फार मागे होतं. अमेरिकेच्या दाराशी मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं ठेवली तर क्युबा वाचेल आणि ही तूटही स्वस्तात भरून निघेल, असा हिशेब ख्रुश्चेव्ह यांनी १९६२ च्या वसंतात मांडला. कॅस्ट्रो उघड करार करायला तयार होते. ख्रुश्चेव्ह यांना मात्र सगळं गुपचूप बसवून मगच जाहीर करायचं होतं.

मला पहिली मोठी चूक इथेच दिसते. दोन सार्वभौम देशांनी उघडपणे संरक्षण करार केला असता, तर अमेरिकेला त्याला विरोध करणं अवघड गेलं असतं, कारण तिने स्वतः तुर्कस्तानात तेच केलं होतं. चोरून आणल्यामुळे ही क्षेपणास्त्रं जगाच्या नजरेत फसवणूक ठरली.

केनेडींकडूनही एक चूक झाली होती. ४ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केलं की क्युबात हल्ल्यासाठीची क्षेपणास्त्रं आढळली तर प्रकरण अत्यंत गंभीर होईल. तशी क्षेपणास्त्रं तिथे नाहीत, या समजुतीवर त्यांनी ही रेघ आखली होती. तोपर्यंत माल वाटेला लागलेला होता. सहा आठवड्यांनी त्यांना स्वतःच्याच शब्दांनी बांधून टाकलं.

समस्या

ऑगस्टच्या अखेरीस टेहळणीच्या यू-२ विमानाला क्युबात विमानवेधी क्षेपणास्त्रांचे तळ दिसले होते. एखाद्या ठिकाणी असे तळ उभारतात तेव्हा तिथे जपण्यासारखं काहीतरी असणार, ही शंका सीआयएचे प्रमुख जॉन मॅकोन यांना लगेच आली. पण सप्टेंबरमध्ये चीनवर एक यू-२ पाडलं गेलं. क्युबावरही तसं झालं तर गवगवा होईल, म्हणून बेटाच्या आतल्या भागावरची उड्डाणं आवरती घेतली गेली. महिनाभराहून अधिक काळ नेमक्या जागेचे फोटोच नव्हते. ज्या शंकेपोटी पाहायला हवं होतं, त्याच शंकेतल्या धोक्यामुळे पाहणं थांबलं.

अखेर १४ ऑक्टोबरला मेजर रिचर्ड हेझर यांचं यू-२ पश्चिम क्युबातल्या सान क्रिस्तोबालवरून गेलं. दुसऱ्या दिवशी फोटो वाचणाऱ्यांना झाडीच्या कडेला ताडपत्रीने झाकलेल्या लांबलचक वस्तू, ट्रेलर आणि तंबू दिसले. मॉस्कोच्या लष्करी संचलनांतले फोटो आणि हेर ओलेग पेन्कोव्स्कीने पुरवलेली माहितीपत्रकं यांच्याशी मापं ताडून पाहिल्यावर ती आर-१२ ही मध्यम पल्ल्याची सोव्हिएत क्षेपणास्त्रं ठरली. त्यांचा पल्ला सुमारे २००० किलोमीटर होता, म्हणजे वॉशिंग्टन टप्प्यात होतं. १६ ऑक्टोबरच्या सकाळी केनेडींना हे सांगण्यात आलं.

आता त्या खोलीत काय माहीत नव्हतं ते पाहू, कारण पुढचे सगळे पर्याय त्यावर तोलले गेले. सुरुवातीला अमेरिकी अंदाज होता की बेटावर आठ ते दहा हजार सोव्हिएत माणसं असतील. प्रत्यक्षात ४० हजारांहून जास्त होती. मोठ्या क्षेपणास्त्रांचे अणुस्फोटक ४ ऑक्टोबरलाच ‘इंदिगिर्का’ बोटीने मारियेल बंदरात उतरले होते. शिवाय किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेवर डागण्यासाठी छोट्या पल्ल्याची अण्वस्त्रंही तिथे होती. त्यांच्या स्फोटकांची संख्या शंभराच्या आसपास होती आणि ती आहेत हे वॉशिंग्टनला ठाऊकच नव्हतं.

तोललेले पर्याय

केनेडींनी पंधराएक जणांची समिती बसवली आणि आठवडाभर बातमी बाहेर फुटू दिली नाही. हा आठवडा फार मोलाचा ठरला. पहिल्या दिवशी बहुतेकांचा कल हवाई हल्ल्याकडे होता, स्वतः केनेडींचाही. त्याच संध्याकाळी निर्णय द्यावा लागला असता तर बॉम्ब पडलेच असते, असं मला वाटतं.

गप्प बसणं, फक्त राजनैतिक निषेध नोंदवणं, समुद्री नाकेबंदी, तळांवर हवाई हल्ला आणि पूर्ण आक्रमण, असे मार्ग चर्चेत होते. पहिले दोन लवकरच मागे पडले. खरी ओढाताण नाकेबंदी आणि हल्ला यांच्यात होती.

१९ तारखेला सेनाप्रमुख केनेडींना भेटले. हवाई दलाचे कर्टिस लमे यांनी नाकेबंदीची तुलना १९३८ च्या म्युनिकमधल्या हिटलरपुढच्या शरणागतीशी केली. त्या वेळी अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला याहून बोचरं काही ऐकवता आलं नसतं. केनेडी बधले नाहीत. २१ तारखेला त्यांनी हवाई हल्ल्याची आखणी करणाऱ्या जनरल स्वीनींना समोर बसवून थेट विचारलं की सगळी क्षेपणास्त्रं नष्ट होतील का. उत्तर प्रामाणिक होतं: माहीत असलेल्यांपैकी ९० टक्क्यांपर्यंत होतील, सगळी होतील याची हमी नाही. उरलेली एक-दोन जरी डागली गेली तरी एखादं शहर जाणार होतं.

हल्ल्याच्या बाजूचा युक्तिवाद मूर्खपणाचा नव्हता, हेही मान्य करायला हवं. नाकेबंदीने नवा माल अडतो, पण बेटावर आलेली क्षेपणास्त्रं तशीच राहतात आणि तळांचं काम रोज पुढे सरकतं. तरीही नाकेबंदी निवडली गेली, कारण तिच्यानंतर हल्ला करता येणार होता. हल्ल्यानंतर मात्र नाकेबंदीवर परत येता येणार नव्हतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती मानली जाते, म्हणून तिला ‘क्वारंटाइन’ म्हटलं गेलं. अन्न आणि इंधन अडवायचं नाही, फक्त हल्ल्याची शस्त्रं अडवायची, असं ठरलं.

प्रत्यक्ष कृती

२२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी केनेडींनी दूरचित्रवाणीवर सगळं जाहीर केलं. नाकेबंदी २४ तारखेच्या सकाळपासून लागू झाली. दोन्ही बाजूंच्या बोटी समोरासमोर आल्या आणि एकाने डोळे मिटले, हे चित्र इथलंच. पण ते खरं नाही. ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं नेणाऱ्या बोटींना आदल्या दिवशीच परतीचा हुकूम दिला होता आणि ‘किमोव्स्क’ ही मुख्य बोट नाकेबंदीच्या रेषेपासून शेकडो मैल लांब होती. वॉशिंग्टनला ही बातमी उशिरा पोचली, म्हणून ती सकाळ तिथे तशी भासली.

त्यानंतरचं पाऊल मला फार शहाणपणाचं वाटतं. नाकेबंदी खरी आहे हे दाखवायला एखादी बोट अडवणं भाग होतं. ‘बुखारेस्ट’ हे सोव्हिएत तेलवाहू जहाज जाऊ दिलं. २६ तारखेला ‘मारुक्ला’ अडवली गेली. ती लेबनॉनच्या ध्वजाखाली होती, सोव्हिएत युनियनने भाड्याने घेतलेली होती, आणि तिच्यावर शस्त्रं असण्याची शक्यता जवळपास नव्हती. शिपाई वर चढले, तपासणी झाली, बोट पुढे गेली. नाकेबंदीचा शब्द पाळला गेला आणि सोव्हिएत ध्वजाला हातही लागला नाही.

याच आठवड्यात आपल्याकडे काय चाललं होतं? २० ऑक्टोबरला चीनने भारतावर हल्ला केला होता. क्युबाच्या संकटात सोव्हिएत युनियनला चीनला दुखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून २५ तारखेच्या ‘प्रावदा’ या सोव्हिएत पक्षाच्या मुखपत्राने चीनची बाजू उचलून धरली आणि नेहरूंना मोठा धक्का बसला. दिल्लीतले अमेरिकी राजदूत गॅलब्रेथ यांना वॉशिंग्टनकडून धड सूचनाही मिळत नव्हत्या, कारण तिथे सगळ्यांचं लक्ष क्युबाकडे लागलं होतं. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ असं आपण अभिमानाने म्हणू लागलो, ते त्यानंतर नोव्हेंबरमध्ये.

२६ तारखेला ख्रुश्चेव्ह यांचं लांबलचक, अगदी मनातून लिहिलेलं पत्र आलं. युद्धाच्या गाठीचा दोर दोघांनीही आपापल्या बाजूने ओढू नये, ती गाठ जितकी घट्ट होईल तितकी सोडवणं अशक्य होईल, असा त्याचा सूर होता. क्युबावर हल्ला न करण्याचं वचन द्या, मग क्षेपणास्त्रांचं कारणच उरणार नाही, असं त्यात सुचवलं होतं. हे पत्र मॉस्कोतल्या अमेरिकी वकिलातीतून वॉशिंग्टनला पूर्ण पोचायला बारा तासांच्या आसपास लागले.

काळा शनिवार

२७ ऑक्टोबरचा दिवस थोडा थांबून पाहायला हवा. सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरं पत्र जाहीर झालं आणि त्यात नवी अट होती: तुर्कस्तानातली ज्युपिटर काढा. त्याच दिवशी एक अमेरिकी यू-२ उत्तर ध्रुवाकडून येताना वाट चुकून सोव्हिएत चुकोत्कावर गेलं. सोव्हिएत लढाऊ विमानं त्याच्या मागे उडाली, अमेरिकी विमानं त्याला आणायला निघाली. ते कसंबसं अलास्कात परतलं. आणि क्युबावर मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचं यू-२ पाडलं गेलं, त्यात ते गेले.

विमान पाडण्याचा हुकूम मॉस्कोचा नव्हता. बेटावरचे सोव्हिएत सेनापती प्लियेव्ह यांच्याशी संपर्क झाला नाही, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या दोन जनरलांनी तो परस्पर दिला. वॉशिंग्टनने मात्र आधीच ठरवलं होतं की यू-२ पडलं तर ते पाडणारा तळ उडवायचा. ठरल्याप्रमाणे वागण्याची वेळ आली तेव्हा केनेडींनी ते टाळलं. आधी ठरवलेला प्रतिसाद न अमलात आणणं ही या प्रकरणातली सर्वांत अवघड कृती होती असं मी मानतो. समोरच्याने मुद्दाम पाडलं असं धरून उत्तर दिलं असतं, तर ख्रुश्चेव्ह यांनी न केलेल्या कृतीसाठी त्यांना शिक्षा झाली असती आणि माघारीचा रस्ता बंद झाला असता.

त्याच दुपारी सारगासो समुद्रात बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी विनाशिकांच्या घेऱ्यात सापडली होती. ही पाणबुडी उत्तरेकडच्या थंड पाण्यासाठी बांधलेली. आत ४५ अंशांच्या वर तापमान, बॅटऱ्या संपत आलेल्या, कार्बन डायऑक्साइड वाढलेला, माणसं बेशुद्ध पडत होती. मॉस्कोशी संपर्क नव्हता. वर येण्याची खूण म्हणून विनाशिका पाण्यात छोटे स्फोटक टाकत होत्या. या खुणेचा अर्थ अमेरिकेने मॉस्कोला कळवला होता, पण तो पाणबुडीपर्यंत पोचलाच नव्हता. लोखंडी पिंपात बसलंय आणि बाहेरून कोणी घणाने ठोकतंय, तसं आत वाटत होतं.

पाणबुडीवर एक टॉर्पेडो अणुस्फोटकाचा होता, जवळपास हिरोशिमाच्या बॉम्बच्या तोडीचा. संदेशवहन टेहळणीचे अधिकारी वादिम ऑर्लोव्ह यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, वर युद्ध सुरू झालं असावं असं वाटून कप्तान सावित्स्की यांनी तो सज्ज करायला सांगितलं. त्याच पाणबुडीवर पाणबुड्यांच्या तुकडीचे प्रमुख कर्मचारी अधिकारी वासिली आर्खिपॉव्ह होते. त्यांनी कप्तानाला शांत केलं आणि बी-५९ पाण्यावर आली. ही हकीकत जगाला २००२ मध्ये हवानाच्या परिषदेत कळली.

व्हाइट हाउसमध्ये तोपर्यंत दोन पत्रांचं काय करायचं हा वाद चालला होता. मॉस्कोत राजदूत राहिलेले आणि ख्रुश्चेव्ह यांना घरोब्याने ओळखणारे लुएलिन थॉम्सन यांनी केनेडींना तोंडावर सांगितलं की तुमचं म्हणणं मला पटत नाही. केनेडींना वाटत होतं की जाहीर मागणीनंतर ख्रुश्चेव्ह मागे येणार नाहीत. थॉम्सन म्हणाले, त्यांना ‘मी क्युबा वाचवला’ असं आपल्या लोकांना सांगता आलं की पुरेसं आहे. राजाला ‘नाही’ म्हणणारा असा एक माणूस त्या टेबलाशी होता, हे त्या दिवसाचं भाग्य.

अखेर पहिल्या पत्राला जाहीर होकार द्यायचा, असं ठरलं. दुसऱ्याचं उत्तर राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी त्याच संध्याकाळी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना तोंडी देणार होते: तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, पण हे जाहीर झालं तर करार मोडला. समितीतल्या मोजक्याच लोकांना हे माहीत होतं. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना सांगितलं गेलं नाही.

निष्पत्ती

२८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रं काढण्याचा निर्णय रेडिओवरून जाहीर केला, कारण तारेचा वेळ परवडणारा नव्हता. कॅस्ट्रोंना ही बातमी इतरांबरोबरच कळली आणि ते संतापले. त्यांनी बेटावर तपासणी करू दिली नाही. त्यामुळे परतणाऱ्या बोटींच्या डेकवर क्षेपणास्त्रांवरची ताडपत्री बाजूला केली जाई आणि अमेरिकी विमानं वरून फोटो काढत. कॅस्ट्रोंची समजूत घालायला गेलेले सोव्हिएत उपपंतप्रधान मिकोयान हवानात असतानाच मॉस्कोत त्यांच्या पत्नी वारल्या. तरीही ते तिथेच थांबले. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच ठरवलं की उरलेली छोटी अण्वस्त्रंही क्युबात ठेवायची नाहीत. क्युबातल्या सोव्हिएत इल-२८ बॉम्बर विमानांवरचा वाद मिटल्यावर २० नोव्हेंबरला नाकेबंदी उठली. तुर्कस्तानातली ज्युपिटर एप्रिल १९६३ मध्ये निघाली.

सौदा लपवण्याची धडपड किती होती, याचा एक दाखला. दोब्रिनिन यांनी २९ ऑक्टोबरला तुर्कस्तानच्या वचनाचा उल्लेख असलेलं ख्रुश्चेव्ह यांचं पत्र रॉबर्ट केनेडींना दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत केलं. असा कागद आपल्याकडे असणंच त्यांना नको होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सौदा लपवल्याने ऑक्टोबरमध्ये शांतता शक्य झाली, हे मी नाकारत नाही. नाटोतला मित्र विकला असा बोभाटा झाला असता. पण किंमत नंतर मोजावी लागली. ख्रुश्चेव्ह आपल्या सहकाऱ्यांसमोर हरलेले दिसले आणि दोन वर्षांनी त्यांना हटवलं गेलं, तेव्हा ही गोष्टही त्यांच्याविरुद्ध होती. अमेरिकेत सगळ्यांनी धडा घेतला तो असा की ठाम राहिलं की समोरचा वाकतो. ज्यांना खरं माहीत होतं, ते वर्षानुवर्षं गप्प राहिले. काही महिन्यांनी, वादळ शमल्यावर, दोन्ही सरकारांनी खरं सांगायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट क्युबाची. ज्या देशाच्या भूमीवर हे घडलं, त्याला वाटाघाटीत कोणीच धरलं नाही. त्यामुळेच पेच २८ ऑक्टोबरला संपला नाही, तो जवळपास महिनाभर रेंगाळला. ख्रुश्चेव्ह यांनी आधी कॅस्ट्रोंशी बोलून घेतलं असतं तर तपासणीची अट तरी पदरात पडली असती.

तिसरी गोष्ट आक्रमणाची. १९९२ मध्ये हवानात त्या वेळचे अमेरिकी संरक्षणमंत्री राहिलेल्या मॅकनमारा यांना पहिल्यांदाच कळलं की किनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेसाठी तिथे अण्वस्त्रं तयार होती. त्यांच्या आराखड्यात या शक्यतेला जागाच नव्हती. काय माहीत नाही याची यादी करून तिच्यावर हल्ल्याचा पर्याय तोलला गेला असता, तर तो पहिल्याच दिवशी बाद झाला असता.

संदेश पोचायला लागणाऱ्या तासांवर मात्र दोन्ही देशांनी लगेच उपाय केला. २० जून १९६३ ला मॉस्को आणि वॉशिंग्टन यांच्यात थेट दुवा जोडायचं ठरलं. पुष्कळांना तो लाल टेलिफोन वाटतो, पण तो टेलिप्रिंटर होता. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचं आणि भाषांतर समोरच्याने करायचं, अशी त्याची रीत होती. बोलताना घाईत चुकीचं ऐकू येतं, राग चढतो. लिहिलेलं मात्र पुन्हा वाचता येतं.